पोच मिळाली, बजावणी झाली नाही: एका दिवाणी दाव्याचा जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधला प्रवास

या प्रकरणातल्या पक्षकारांची ओळख लपवण्यासाठी यंत्राचा प्रकार आणि काही तपशील बदलले आहेत. दावा ज्या देशात चालला त्याचं नावही दिलेलं नाही. तो देश न्यायालयीन कागद परदेशात बजावण्याविषयीच्या १९६५ च्या हेग बजावणी कराराचा आणि परदेशातून पुरावा मिळवण्याविषयीच्या १९७० च्या हेग पुरावा कराराचा सदस्य आहे, तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं आणि साक्षीदाराची सरतपासणी-उलटतपासणी वकीलच घेतात, एवढं कळलं तरी पुरे. हे प्रकरण अडलं आणि सुटलं ते पलीकडच्या दोन देशांच्या नियमांवर. ते देश जर्मनी आणि स्वित्झर्लंड.

पार्श्वभूमी

वादी कंपनीने जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यातल्या एका उत्पादकाकडून पॅकिंगची यंत्रसामग्री घेतली होती. बसवल्यानंतर काही महिन्यांतच यंत्र ठरलेल्या वेगाने चालेना. उत्पादकाचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला, काही भाग बदलले, तरी फरक पडला नाही. पत्रव्यवहारात उत्पादकाचं म्हणणं एकच होतं: यंत्र निर्दोष आहे, वापर चुकीचा आहे. शेवटी वादीने आपल्या देशात नुकसानभरपाईचा दावा लावला.

वादीच्या बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली म्हणजे यंत्र कारखान्यातून निघण्यापूर्वी घेतलेल्या चाचणीचे अहवाल. ते उत्पादकाकडे होते. दुसरी म्हणजे तो इंजिनिअर. यंत्राच्या मूळ आराखड्यातच खोट आहे, असं तो वादीच्या लोकांशी बोलताना एकदा म्हणून गेला होता. दावा लागेपर्यंत त्याने नोकरी सोडली होती आणि तो झ्युरिकला राहायला गेला होता.

म्हणजे समन्स जर्मनीत बजावायचं होतं, कागद जर्मनीतून मिळवायचे होते आणि साक्ष स्वित्झर्लंडमध्ये घ्यायची होती.

पहिली अडचण: कुरिअर पोचलं, पण बजावणी झाली नाही

वादीच्या देशातल्या प्रक्रिया कायद्यात परदेशी प्रतिवादीला समन्स टपालाने किंवा कुरिअरने पाठवायची मुभा आहे. त्यानुसार समन्स आणि वादपत्र कुरिअरने गेलं. उत्पादकाच्या स्वागतकक्षात सही झाली, पोच रेकॉर्डवर आली. तारखेला कोणी हजर राहिलं नाही. वादीच्या वकिलाने एकतर्फी हुकूमनाम्यासाठी अर्ज दिला.

वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. हेग बजावणी कराराच्या कलम १०(अ) मध्ये टपालाने थेट कागद पाठवण्याची वाट ठेवलेली आहे. पण ती वाट कागद ज्या देशात जायचा आहे, त्या देशाने हरकत घेतली नसेल तरच खुली असते. जर्मनीने कलम १० ला हरकत घेतली आहे. भारत, चीन, स्वित्झर्लंड यांचीही तशीच हरकत आहे. त्यामुळे जर्मनीच्या भूमीवर टपालाने किंवा कुरिअरने केलेली परदेशी बजावणी कराराच्या दृष्टीने झालेलीच नसते. कागद खरोखर हातात पडला, वाचला गेला, त्यावर कंपनीच्या वकिलाचा सल्लाही घेतला गेला, तरी त्याने फरक पडत नाही.

न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला नाही. त्यांनी बोट ठेवलं ते कराराच्या कलम १५ वर. प्रतिवादी हजर नसेल तर दोन गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असं ते कलम सांगतं. बजावणी पलीकडच्या देशाच्या कायद्याप्रमाणे किंवा करारातल्या एखाद्या मार्गाने झालेली असली पाहिजे, आणि प्रतिवादीला बचावासाठी पुरेसा वेळ मिळालेला असला पाहिजे. इथे पहिलीच गोष्ट नव्हती.

इथे प्रतिवादीच्या गप्प बसण्याकडे नीट पाहायला हवं. तो निष्काळजीपणा नव्हता. जर्मन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२८ नुसार, प्रतिवादी हजर झाला नसेल आणि दावा सुरू करणारा कागद त्याला रीतसर किंवा वेळेवर बजावला गेला नसेल, तर तो हे कारण दाखवून परदेशी निकालाची मान्यता अडवू शकतो. एकदा का तो हजर होऊन बचावाला उभा राहिला की ही ढाल त्याच्या हातातून जाते. त्यामुळे सदोष बजावणी झालेल्या जर्मन कंपनीला तिचा वकील बहुधा एवढंच सांगतो: काही करू नका.

निर्णयाचा पहिला टप्पा: कोणती वाट धरायची

वादीच्या वकिलांच्या बैठकीत तीन वाटांवर चर्चा झाली.

एक सूचना अशी होती की न्यायाधीशांच्या नकाराविरुद्ध वरच्या न्यायालयात जाऊन एकतर्फी हुकूमनामा मिळवायचा. देशांतर्गत कायदा टपालाला परवानगी देतो, एवढा आधार होता. पण हुकूमनामा मिळाला तरी त्याची दरखास्त कुठे लावणार? प्रतिवादीची इमारत, यंत्रं, बँक खाती सगळं जर्मनीत. वादीच्या देशात त्याचं होतं ते एका स्वतंत्र वितरकाकडून येणं असलेलं थोडं बिल. म्हणजे हुकूमनामा जिथे वसूल व्हायला हवा, नेमका तिथेच तो निकामी ठरला असता. ज्येष्ठ वकिलांनी ही सूचना पाच मिनिटांत बाजूला ठेवली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला तो सर्वांत चांगला निर्णय होता.

दुसरी सूचना त्या वितरकावरच समन्स बजावण्याची होती. यामागे तर्क आहे. कागद परदेशी पाठवण्याची गरजच नसेल तर हा करार लागू होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फोक्सवॅगन विरुद्ध श्लुंक खटल्यात हेच म्हटलं: देशातल्या उपकंपनीवर केलेली बजावणी तिथल्या कायद्याने पूर्ण होत असेल तर हेग कराराचा प्रश्न येत नाही. पण तिथे उपकंपनी पूर्णपणे मूळ कंपनीच्या मालकीची आणि तिच्या नियंत्रणातली होती. इथला वितरक स्वतःच्या नावाने माल विकत घेऊन विकणारा वेगळा व्यापारी. समन्स स्वीकारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. ही वाट धरली असती तर पुढची दोन वर्षं एजन्सीच्या वादात गेली असती.

उरली तिसरी, म्हणजे केंद्रीय प्राधिकरणाची वाट. प्रत्येक सदस्य देश परदेशी विनंत्या स्वीकारण्यासाठी असं प्राधिकरण नेमतो. जर्मनीत ते राज्यागणिक वेगळं आहे. नॉर्थ राइन-वेस्टफालियासाठी ते डुसेलडॉर्फच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडे आहे. वाट संथ, पण तिच्या शेवटी जे प्रमाणपत्र मिळतं त्यावर जर्मन न्यायालयात बोट ठेवणं अवघड असतं.

याच बैठकीत वितरकाकडच्या येणे रकमेचा विचार झाला. बजावणीला महिने लागणार, तोवर ती रक्कम निघून जाऊ शकत होती. कलम १५ च्या तिसऱ्या परिच्छेदात तातडीच्या प्रसंगी तात्पुरते किंवा संरक्षक आदेश देण्याची न्यायाधीशांना मोकळीक आहे. त्या आधारे निकालापूर्वी जप्तीचा अर्ज झाला आणि मंजूरही झाला. बजावणी झालेली नसताना काहीच आदेश मिळू शकत नाही, या समजुतीपायी बरेच जण ही तरतूद वापरायचं विसरतात.

केंद्रीय प्राधिकरणाकडे पहिली विनंती, आणि तिचं परत येणं

कराराबरोबर एक ठरलेला नमुना आहे. त्यात तीन भाग असतात: विनंती, बजावणी झाली की नाही हे पलीकडच्यांनी भरायचं प्रमाणपत्र, आणि कागदाचा थोडक्यात सारांश. विनंती कोणी करायची हेही ठरलेलं आहे. मूळ देशाच्या कायद्याने ज्याला अधिकार दिला आहे असं प्राधिकरण किंवा न्यायालयीन अधिकारीच ती पाठवू शकतो. इथे ती न्यायालयाच्या निबंधक कार्यालयामार्फत गेली. कागदपत्रं दोन प्रतींत, पण वकिलातीचा शिक्का वगैरे काही नाही. कराराने ती कटकट काढूनच टाकली आहे.

चूक झाली ती भाषांतरात. वादपत्राला जोडलेल्या निशाण्या चारशे पानांच्या वर होत्या. भाषांतराचा खर्च पाहून वादीने ठरवलं की कंपनी निर्यात करते, इंग्रजी तिला येतंच, तेव्हा मूळ इंग्रजी कागदच पाठवू.

कराराच्या कलम ५ मधले बजावणीचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे आहेत. एक औपचारिक, म्हणजे त्या देशातल्या दाव्यांत जशी होते तशी, समोरच्याची इच्छा असो वा नसो. दुसरा अनौपचारिक, म्हणजे कागद पुढे करायचा आणि समोरच्याने राजीखुशीने घेतला तरच बजावणी. औपचारिक बजावणी हवी असेल तर कागद जर्मन भाषेत किंवा जर्मन भाषांतरासह हवा, असं जर्मनीने जाहीर केलेलं आहे. भाषांतर नसल्याने प्राधिकरणाकडे फक्त दुसरा मार्ग उरला. कागद प्रतिवादीपुढे ठेवला गेला, त्याने तो नाकारला. त्याला इंग्रजी येतं की नाही हा प्रश्नच नव्हता. अनौपचारिक मार्गात नाकारायला कारण लागत नाही.

काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर 'बजावणी झाली नाही' या रकान्यात खूण होती.

यातून एक सूक्ष्म अडचण उभी राहिली. कलम १५ च्या दुसऱ्या परिच्छेदात एक सुटकेचा दरवाजा आहे. ज्या देशाने तशी घोषणा केली आहे तिथला न्यायाधीश बजावणीचं प्रमाणपत्र नसतानाही निकाल देऊ शकतो. त्यासाठी कागद कराराच्या मार्गाने पाठवलेला असला पाहिजे, पाठवल्यापासून किमान सहा महिने उलटलेले असले पाहिजेत आणि सर्व वाजवी प्रयत्न करूनही कोणत्याही प्रकारचं प्रमाणपत्र आलेलं नसलं पाहिजे. वादीच्या एका तरुण वकिलाला वाटलं की सहा महिने होताच हा दरवाजा उघडेल. पण नकाराचं प्रमाणपत्र हेही प्रमाणपत्रच. ही तरतूद पलीकडचं प्राधिकरण मौन धरून बसलं तर उपयोगी पडते. त्याने स्पष्ट 'नाही' कळवलं, तेही आपल्याच कागदातल्या उणिवेमुळे, तर ती आधाराला येत नाही.

दुसरी विनंती: काय बदललं

या वेळी आधी एक साधा प्रश्न विचारला गेला: चारशे पानं बजावण्याची खरंच गरज आहे का? प्रतिवादीला आपल्यावरचा दावा काय आहे, कशाच्या आधारावर आहे आणि कधी व कुठे हजर व्हायचं आहे हे कळणं आवश्यक. बाकीच्या निशाण्या तो हजर झाल्यावर नेहमीच्या रीतीने देता येतात. न्यायालयाच्या परवानगीने बजावणीचा संच लहान केला. समन्स, वादपत्र, मूळ खरेदी करार आणि वादपत्राचा ज्यांच्यावर थेट भर होता अशा मोजक्या निशाण्या उरल्या. त्या सगळ्यांचं जर्मन भाषांतर झालं. अर्धवट भाषांतर धोक्याचं असतं. बजावलेल्या संचातला एखादा महत्त्वाचा कागद इंग्रजीतच राहिला तर प्रतिवादी पुढे त्यावरून संपूर्ण बजावणीला आव्हान देऊ शकतो. म्हणून जे पाठवलं ते सगळं भाषांतरित, आणि जे भाषांतरित नव्हतं ते पाठवलंच नाही.

दुसरा बदल तारखेचा. पहिल्या समन्सवर दोन महिन्यांनंतरची तारीख होती. विनंती प्राधिकरणाच्या टेबलावर पोचेपर्यंत ती जवळजवळ येऊन ठेपली होती. नकार आला नसता तरी 'पुरेसा वेळ' या कसोटीवर बजावणी अडखळली असती. दुसऱ्या वेळी न्यायालयाकडून आठ महिन्यांनंतरची तारीख मागून घेतली. न्यायाधीशांना एवढी लांबची तारीख देणं रुचलं नाही, हे रोजनाम्यावरून दिसतं. पण कलम १५ त्यांच्यासमोर आधीच होतं.

तिसरा बदल नमुन्यातल्या एका ओळीचा. विनंतीत कलम ५ च्या पहिल्या परिच्छेदातल्या औपचारिक पद्धतीनेच बजावणी करावी, असं स्पष्ट लिहिलं.

साडेतीन महिन्यांच्या आसपास प्रमाणपत्र आलं: बजावणी झाली, अमुक दिवशी, अमुक पद्धतीने. यातली गंमत अशी की कागद प्रतिवादीच्या दारात नेऊन देणारा शेवटी टपालवालाच होता. जर्मन प्राधिकरणाला अशी बजावणी टपालामार्फत, अधिकृत पोचनोंदीसह करून घेता येते. कुरिअरवाला आणि हा टपालवाला यांच्यात फरक एवढाच की याच्या मागे जर्मन राज्याचा आदेश होता. कलम १० ची हरकत असते ती परक्या न्यायालयाने परस्पर आपल्या भूमीवर अधिकार गाजवण्याला. प्राधिकरणाने स्वतःच्या कामासाठी कराराप्रमाणे काही शुल्कही घेतलं नाही. खर्च झाला तो सगळा भाषांतराचा.

प्रतिवादी तारखेला वकिलामार्फत हजर झाला आणि त्याने कैफियत दिली. गप्प राहण्याचा फायदा संपला होता.

कागद मिळवणं: ज्या पुरावा कराराची गरज पडली नाही

आता चाचणी अहवालांचा प्रश्न. वादीने पुरावा कराराखाली जर्मनीला विनंतीपत्र पाठवण्याचा मसुदा तयार केला. त्यात 'या यंत्राच्या आराखड्याशी, उत्पादनाशी आणि तक्रारींशी संबंधित सर्व कागदपत्रं' मागितली होती. असा मसुदा जर्मनीत टिकला नसता. कराराच्या कलम २३ ने सदस्य देशांना खटल्यापूर्वी कागदपत्रं उघड करून घेण्याच्या विनंत्या नाकारण्याची मुभा दिली आहे, आणि जर्मनीने ती बरीच वर्षं सरसकट वापरली. १ जुलै २०२२ पासून तिथे दार किलकिलं झालं आहे. कागद नेमका वर्णन केलेला हवा, दाव्याच्या निकालाशी त्याचा थेट आणि स्पष्ट संबंध दिसायला हवा आणि तो दाव्यातल्या पक्षकाराच्या ताब्यात असायला हवा, अशा अटींवर विनंती मान्य होऊ शकते. 'सर्व कागदपत्रं' ही मागणी यातल्या पहिल्याच अटीत अडकते.

मसुदा दुरुस्त करता आला असता. पण तोवर प्रतिवादी न्यायालयात हजर झालेला होता. हजर पक्षकाराला कागद सादर करण्याचा आदेश देण्यासाठी मूळ न्यायालयाला परदेशी न्यायालयाची मदत मागावीच लागते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या एरोस्पासियाल खटल्यात नाही म्हटलं: पुरावा करार हा उपलब्ध मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे. ते मत सगळ्या देशांना मान्य नाही, आणि युरोपात त्यावर बरीच नाराजी होती. पण वादीच्या देशाच्या न्यायालयाचा कल त्याच बाजूला होता. शिवाय हजर पक्षकाराने आदेश पाळला नाही तर त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येतं, हे हत्यार हाताशी होतं.

वादीने विनंतीपत्राचा मसुदा सोडून दिला. मूळ न्यायालयातच तीन नेमके कागद मागितले: यंत्राचा रवानगीपूर्व चाचणी अहवाल, त्याच मालिकेतल्या यंत्राच्या एका भागात केलेल्या बदलाची अंतर्गत नोंद आणि इंजिनिअरचे दोन भेट अहवाल. मागणी एवढी अरुंद ठेवण्यामागे हिशेब होता. आदेश पाळला गेला नसता आणि पुढे जर्मनीत जायची वेळ आली असती, तर हीच यादी तिथेही चालली असती. प्रतिवादीने पहिला आणि तिसरा कागद दिला. दुसरा अस्तित्वातच नसल्याचं शपथेवर सांगितलं. त्यामुळे इंजिनिअरच्या साक्षीचं वजन एकदम वाढलं.

साक्षीदार झ्युरिकमध्ये

सगळ्यांत नाजूक भाग हा होता. इंजिनिअर फोनवर मोकळेपणाने बोलत होता. दुसऱ्या देशात येऊन साक्ष द्यायला मात्र तयार नव्हता. जुन्या मालकाशी केलेल्या गोपनीयतेच्या कराराची त्याला धास्ती होती. वादीच्या वकिलाला वाटलं, व्हिडिओ कॉलवर न्यायालयापुढे त्याची साक्ष घ्यावी. त्यालाही ते सोयीचं होतं.

सुदैवाने कोणीतरी आधी स्विस वकिलाला विचारलं. स्विस दंडसंहितेच्या कलम २७१ प्रमाणे, सार्वजनिक अधिकाऱ्याने करायचं काम परदेशी राज्यासाठी परवानगीविना स्विस भूमीवर करणं हा गुन्हा आहे. परक्या दिवाणी खटल्यासाठी साक्ष घेणं हे तिथे न्यायालयाचं काम मानलं जातं. साक्षीदार राजी असल्याने गुन्हा पुसला जात नाही, कारण संरक्षण साक्षीदाराला नसून राज्याच्या सार्वभौमत्वाला आहे. हे प्रकरण घडलं तेव्हा व्हिडिओवरच्या साक्षीलाही आधी परवानगी लागत होती. २०२५ च्या सुरुवातीपासून स्वित्झर्लंडने ही अट सैल केली असून काही अटींवर आगाऊ सूचना देऊन व्हिडिओ साक्ष घेता येते. आज हाच प्रसंग आला तर सल्ला वेगळा असेल.

मग दोन मार्ग उरले. पुरावा कराराच्या दुसऱ्या प्रकरणाखाली परवानगी घेऊन साक्ष नोंदवायला कमिशनर नेमता आला असता. मूळ न्यायालयाला सवयीची उलटतपासणी त्यात जवळपास तशीच होऊ शकते. पण कमिशनरपुढे साक्षीदारावर सक्ती नसते. तो मध्येच उठून गेला तरी काही करता येत नाही. पहिल्या प्रकरणाखालच्या विनंतीपत्रात साक्ष झ्युरिकचं न्यायालय स्वतः घेतं, स्वतःच्या पद्धतीने, आणि गरज पडल्यास स्वतःच्या साक्षीदारांवर करतं तशी सक्तीही करतं.

वादीचे वकील कमिशनरच्या बाजूने होते. निर्णय फिरला तो साक्षीदाराच्या एका वाक्याने. तो म्हणाला, "मला न्यायालयानेच बोलावलं तर मी जाईन. आपणहून गेलो असं कोणी म्हणायला नको." म्हणजे सक्ती हीच त्याची सोय होती. गोपनीयतेचा मुद्दाही मग न्यायाधीशापुढे येणार होता. कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कोणतं नाकारता येतं हे तो जागेवर ठरवणार होता. विनंतीपत्र ठरलं.

ते लिहिताना खरी मेहनत प्रश्नांवर झाली. पहिल्या मसुद्यात उलटतपासणीच्या धाटणीचे प्रश्न होते, 'हे खरं आहे ना, की...' अशा सुरुवातीचे. स्विस न्यायाधीश साक्षीदाराला आधी सलग सांगू देतो, मग विचारतो, आणि नोंद शब्दशः न होता आशयाची होते. सूचक प्रश्नांची यादी तिथे नुसती वाया जात नाही, पाठवणाऱ्याच्या हेतूविषयी शंकाही निर्माण करते. मसुदा नव्याने झाला. सुरुवातीला वाद थोडक्यात सांगितला, मग विषय घटनाक्रमाने आणि प्रत्येक विषयाखाली साधे, मोकळे प्रश्न. प्रतिवादीचे प्रश्नही त्यातच घेतले, म्हणजे उलटतपासणीची संधी नाकारली असं पुढे म्हणता येऊ नये. साक्षीदाराला दाखवायचे दोन भेट अहवाल सोबत जोडले. सगळ्याचं जर्मन भाषांतर झालं, कारण झ्युरिकच्या न्यायालयाची भाषा ती.

कलम ९ खाली विशेष पद्धतीची विनंती करता येते. वादीने तीन गोष्टी मागितल्या: दोन्ही बाजूंच्या वकिलांना हजर राहू द्यावं आणि पूरक प्रश्न सुचवू द्यावेत, आराखड्याविषयीची उत्तरं शक्य तितकी शब्दशः नोंदवावीत, आणि साक्षीदाराला शपथ द्यावी. पहिल्या दोन मिळाल्या, पूरक प्रश्न मात्र न्यायाधीशामार्फतच. शपथ मिळाली नाही. स्विस दिवाणी प्रक्रियेत साक्षीदाराला शपथ देत नाहीत. खरं बोलण्याची आठवण करून देतात आणि खोट्या साक्षीच्या शिक्षेची समज देतात. मूळ न्यायालयात प्रतिवादीने यावर हरकत घेतली. न्यायालयाने ती फेटाळली: खोटं बोलल्यास शिक्षेचा धोका साक्षीदाराच्या डोक्यावर होता, आणि शपथेमागचा हेतू तोच असतो.

काय झालं

इंजिनिअरने सांगितलं की बदलाची नोंद झाली होती आणि त्याने ती पाहिली होती. तिचा क्रमांक त्याला आठवला नाही, पण ती साधारण कधीची आणि कोणत्या विभागाची हे त्याने सांगितलं. गोपनीयतेवरून दोन प्रश्नांना त्याने नकार दिला, एकात न्यायाधीशाने तो मान्य केला. जबानी आणि तिचं भाषांतर मूळ न्यायालयात दाखल झाल्यावर काही आठवड्यांत प्रतिवादीने तडजोडीची बोलणी सुरू केली. रक्कम मागणीपेक्षा कमी होती, पण वादीने ती घेतली. जर्मनीत निकालाची मान्यता मिळवण्याचा प्रसंगच आला नाही. मात्र बजावणी सदोष राहिली असती तर प्रतिवादी बोलणी करायला बसलाच नसता, असं मला वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय दाव्याच्या कितीतरी आधीचा होता. खरेदी करारात प्रतिवादीने वादीच्या देशात समन्स स्वीकारण्यासाठी प्रतिनिधी नेमल्याचं एक कलम असतं, तर बजावणी देशातच पूर्ण होऊन हेग बजावणी कराराची वेळ आली नसती. या खरेदी करारात दावा कुठे चालवायचा यावर दोन पानं होती, प्रतिनिधीवर एक ओळही नव्हती.

दावा लावतानाच भाषांतर सुरू करायला हवं होतं, आणि ते करण्याआधी संच लहान करायला हवा होता. कुरिअरचा प्रयत्न आणि भाषांतराविना गेलेली विनंती मिळून वर्षाच्या आसपास वाया गेलं. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या हरकती, भाषेच्या अटी आणि प्राधिकरणांचे पत्ते दिलेले असतात. त्या पानावरच्या जर्मनीच्या नोंदी सुरुवातीला वाचल्या असत्या तर दोन्ही चुका टळल्या असत्या.

साक्षीच्या वेळेबाबत मला शंका आहे. पुरावा करार सुरू असलेल्या दाव्यांइतकाच होऊ घातलेल्या दाव्यांसाठीही आहे. मूळ न्यायालयाला दाव्याच्या सुरुवातीला किंवा त्याआधी साक्ष जपून ठेवण्याचा अधिकार असेल, तर प्रतिवादीवर बजावणी पूर्ण व्हायची वाट न पाहता विनंतीपत्र मागता येतं. तसं झालं असतं तर इंजिनिअरला त्या नोंदीचा क्रमांकही कदाचित आठवला असता. दुसऱ्या बाजूने, प्रतिवादी हजर नसताना घेतलेल्या साक्षीवर त्याने पुढे नक्की हरकत घेतली असती, आणि त्याचे प्रश्न नसलेली जबानी न्यायालयाने किती मोजली असती हे सांगणं कठीण आहे. वादीच्या वकिलांत यावर अजून एकमत नाही.

व्हिडिओ साक्षीच्या बाबतीत स्विस वकिलाला विचारायला वादीचा एक दिवस आणि छोटं शुल्क गेलं. तो प्रश्न विचारला नसता तर कलम २७१ खालची तक्रार वादीच्या वकिलावर झाली असती, आणि ती करायला प्रतिवादी नक्कीच उत्सुक असता.